टोकनचा नारळ

बाबांनी 2013 साली विश्रामबागेतला फ्लॅट घेतला तेव्हा मुद्रांक, नोंदणी सगळं धरून 32 लाख पडले. त्याच्या पावत्या त्यांनी फाईलमध्ये, फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी ट्रंकेत ठेवली होती. आम्ही दोघं भावंडं त्यावरून त्यांना हसायचो. ते गेल्यावर फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर निम्मा-निम्मा झाला. ताई सांगलीतच असते, मी अकरा वर्षं मस्कतला. तिथे पगारावर कर नाही, त्यामुळे इन्कम टॅक्स ही गोष्ट मी लहानपणीच्या गोवरासारखी विसरून गेलो होतो.

गेल्या सप्टेंबरात गिऱ्हाईक आलं. निवृत्त मुख्याध्यापक, सडपातळ, खिशाला दोन पेनं. सौदा 48 लाखांना ठरला. एजंट तर खूशच. "दादा, मुद्दाम पन्नासच्या आत बसवलंय. टीडीएसची कटकटच नको!"

दसऱ्याला सर टोकनचा एक लाखाचा चेक घेऊन येणार होते. मी सुट्टी काढून आलेलो. सकाळी सहज सीए मॅडमना फोन केला, अभिनंदन वगैरे होईल या अपेक्षेने.

"चेक घेऊ नका," त्या म्हणाल्या.

टीडीएस म्हणजे घेणाऱ्याने किमतीतूनच कर कापून सरकारात भरायचा. त्यातली पन्नास लाखांच्या आतली सूट रहिवासी विकणाऱ्यासाठी असते. विकणारा माझ्यासारखा अनिवासी असला की मर्यादा-बिर्यादा काही नाही, पहिल्या रुपयापासून कपात. तीही नफ्यावर नाही, माझ्या वाट्याला येणाऱ्या सगळ्या रकमेवर. कारण नफा किती हे घेणाऱ्याने ठरवायचं नसतं, आणि कमी कापलं तर राहिलेला कर व्याजासह त्याच्याच मानगुटीवर बसतो. दर साडेबारा टक्के, वर चार टक्के सेस, म्हणजे सरळ तेरा. माझ्या 24 लाखांवर 3 लाख 12 हजार.

"आणि ताईच्या 24 लाखांवर?"

"शून्य."

एकच फ्लॅट, एकच भिंत. भिंतीच्या या बाजूला तेरा टक्के, त्या बाजूला काही नाही. ताई शेजारीच उभी होती. चेहरा गंभीर ठेवायचा तिने प्रामाणिक प्रयत्न केला.

"पण माझा नफा तर आठच लाख आहे," मी म्हणालो. बाबांच्या 32 लाखांतले निम्मे 16 माझी किंमत म्हणून धरले जातात. वारसाने आलेल्या घराला मूळ मालकाची खरेदी किंमतच लागते. आठ लाखांवर तेरा टक्के म्हणजे 1 लाख 4 हजार.

"बरोबर. तेवढंच कापावं असा दाखला अधिकाऱ्याकडून आणायचा. फॉर्म 13. दाखला सरांच्या टॅनवर, म्हणजे कर कापणाऱ्याला मिळणाऱ्या नंबरवर, निघतो आणि मागच्या तारखेला लागत नाही. म्हणून म्हणते, आज पैसे घेतलेत तर आजच तेरा टक्क्यांनी कापावे लागतील."

दाखला आणला नाही तर जास्तीचे 2 लाख 8 हजार सरकारदरबारी अडकणार, आणि रिटर्न भरून परताव्याची वाट बघत बसायची.

अकरा वाजता सर मुलाला घेऊन आले. सोबत पेढे, नारळ, आपट्याची पानं आणि चेक. मी सांगितलं, टोकन नको. खोलीत शांतता पसरली. सरांना वाटलं, दुसरं गिऱ्हाईक जास्त देतंय.

"दसऱ्याला दारात आलेली लक्ष्मी परत पाठवता व्हय?" एजंट म्हणाला. "मग कॅश घ्या की!" जागेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याच्या वर रोख घेतले तर तेवढ्याच रकमेचा दंड बसतो, हे मला मॅडमनी आधीच बजावून ठेवलं होतं.

"निदान 101 रुपये तरी," सर म्हणाले. "शकुनाचे."

मी पुन्हा फोन लावला. मॅडमनी थोडा विचार केला. "नारळ घ्या."

तर आमचा सौदा नारळावर पक्का झाला. पैशाची देवाणघेवाण न लिहिता साधा समजुतीचा करार केला. त्यात किंमत, दोघांचे हिस्से आणि घेणाऱ्याचं नाव.

पुढची पायरी टॅन. सर म्हणाले, "पॅन आहे की." रहिवाशाकडून घेताना पॅनवर भागतं, अनिवाशाकडून घेताना तेव्हा वेगळा टॅन काढावा लागत होता. मग तिमाहीला 27Q नावाचं विवरण भरावं लागत होतं. छत्तीस वर्षं ज्यांनी मुलांना छडी दाखवली, त्या माणसाला मी एका फ्लॅटपायी टॅन काढायला लावला. त्यांनी टॅनचा नंबर वहीत लिहून खाली पट्टीने रेघ मारली.

मग कळलं की आयकर खात्याच्या दफ्तरी माझा पॅन अजून सांगलीतच आहे. कॉलेजात असताना काढलेला. मी मस्कतला गेलो, तो इथेच राहिला, आईवडिलांची काळजी घेत असावा तसा. अनिवाशाचा अर्ज आंतरराष्ट्रीय कर बघणाऱ्या पुण्याच्या अधिकाऱ्याकडे जातो, पण त्यासाठी पॅनची बदली आधी व्हायला हवी. ती व्हायला तीन आठवडे लागले. हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी विमानातूनच अर्ज केला असता.

अर्ज आयकर खात्याच्या ट्रेसेस पोर्टलवर गेला. सोबत करार, बाबांचं खरेदीखत, मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, नफ्याचा हिशेब. दहा दिवसांनी प्रश्न आला: 32 लाखांतले मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे भरल्याचा पुरावा? ताईने पलंगाखालची ट्रंक ओढली. ट्रंकेत पिशवी, पिशवीत फाईल, फाईलमध्ये पावत्या, वर बाबांच्या अक्षरात तारीख. कुणी हसलं नाही.

दरम्यान ताईचा हिशेबही मॅडमनी करून ठेवला. रहिवासी असल्यामुळे जुन्या घराची खरेदी किंमत महागाई निर्देशांकाने फुगवून नफ्यावर वीस टक्के कर भरायचा पर्याय तिला अजून आहे. 2013-14 चा आकडा 220, विक्रीच्या 2025-26 या वर्षाचा 376. तिचे 16 लाख फुगून 27 लाखांच्या वर गेले, विक्रीच्या 24 पेक्षाही जास्त. म्हणजे कपात शून्य आणि करही शून्य. अनिवाशाला तो पर्याय नाही. ताईने त्या दिवशी बासुंदी केली होती, योगायोगाने.

डिसेंबरच्या मध्यात दाखला आला. माझ्या 24 लाखांवर 4.34 टक्के, मुदत 31 मार्च. मी सरांना फोन केला, "लगेच खरेदीखत करू!"

"पुढच्या आठवड्यात पौष लागतोय," सर म्हणाले.

आयकर अधिकाऱ्याला कागद दाखवता येतात, पौषाला काय दाखवणार? एक महिना मी मस्कतमध्ये कॅलेंडर बघत काढला. हा दाखला मार्चअखेर मरतो, नव्या वर्षात सगळं पुन्हा पहिल्यापासून, हे मला आता पाठ होतं. सर मात्र निवांत. माघ लागल्यावर जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एकदाची सही झाली. सरांच्या बँकेने कर्जाचा चेक पूर्ण रकमेचा काढू नये, कपातीचे 1 लाख 4 हजार 160 बाजूला राहावेत, म्हणून मी बँकेत तीनदा सांगितलं. सरांनी चलन 7 फेब्रुवारीच्या आत भरलं आणि त्याची झेरॉक्स मला दिली, लॅमिनेट करून.

27Q अजून बाकी आहे. ते भरल्याशिवाय कापलेला कर माझ्या नावावर दिसणार नाही. मुदत 31 मे. मी दर रविवारी फोन करतो. "गृहपाठ लक्षात आहे," सर म्हणतात आणि ठेवतात.

खरेदीखताच्या दिवशी ताईने दसऱ्याचा नारळ फोडला. चार महिन्यांत पाणी आटलं होतं, आत गोटा सुटून खुळखुळत होता. तिने तो विळीवर बरोबर मधोमध कापला आणि माझ्या अर्ध्यातून एक काप काढून घेतला.

"तेरा टक्के," ती म्हणाली. "दाखला आणलास तर परत देईन."