आजारांना टक्के नसतात: अपंगत्वाच्या दाखल्याबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

"सर्वांना कळवा! अपंगाच्या दाखल्याला जाताना सगळे आजार लिहा. बीपी, शुगर, मणका, गुडघा, प्रत्येकाचे १०-२० टक्के धरतात आणि बेरीज करतात. ४० झाले की पेन्शन चालू. फाइल जाड असली पाहिजे. एमआरआय असेल तर कोणी विचारतच नाही. नोकरदार, मजूर सगळ्यांना लागू."

गेल्या दोन महिन्यांत हा मेसेज मला सात-आठ पेशंटांनी दाखवला. मी फिजिओथेरपिस्ट आहे. चिपळूण-गुहागर भागातल्या लोकांना अपंगत्व मोजणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळापुढे जाण्याआधी त्यांच्या त्रासाचं एक पान नीट मांडून द्यायचं काम बरीच वर्षं करते आहे. मेसेजवर विसंबून एक काका एकदा जाऊन आले आणि २४ टक्क्यांचा दाखला घेऊन परतले. त्यांचीच गोष्ट सांगते, म्हणजे कुठे काय चुकतं ते दिसेल.

काका पाडेली. माडावर चढून नारळ पाडायचे. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर वरून पडले, उजव्या मांडीचं हाड गुडघ्याजवळ मोडलं. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, पण गुडघा निम्माच वाकतो. माझ्याकडे आले तेव्हा पिशवीत बीपीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, साखरेचे चार वर्षांचे रिपोर्ट, कंबरेचा एमआरआय आणि ॲसिडिटीच्या औषधांची बिलं होती. गुडघ्याचा एक्स-रे मात्र घरी राहिला होता.

पहिला मुद्दा आजारांचा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं दिली आहेत. त्यात रक्तदाब नाही, मधुमेह नाही. हृदय, फुफ्फुस, मूत्रपिंडाचे आजारही नाहीत. मोजतात ते आजाराने शरीराचं कोणतं काम कायमचं काढून घेतलं ते. मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजारांबाबत तर केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्टच लिहिलं आहे की मोजमाप आजाराचं नाही, त्याच्या परिणामांचं करायचं. साखरेमुळे पाय कापावा लागला तर तो पाय मोजला जाईल. साखरेने डोळ्याचा पडदा गेला तर नजर मोजली जाईल. साखर स्वतः फक्त 'कारण' या ओळीत लिहायची. काकांची साखर गोळ्यांनी ताब्यात आहे, तिने अजून त्यांचं काही हिरावलेलं नाही. म्हणून त्या चार वर्षांच्या रिपोर्टांना पानावर जागा नव्हती.

एमआरआयचंही तेच. तो हाडाची आणि चकतीची रचना दाखवतो. त्या चित्रावरून माणूस किती वाकतो, किती वेळ उभा राहतो, हे कळत नाही. चाळिशीनंतर पुष्कळांच्या कंबरेच्या चित्रात झीज दिसते आणि त्यातले कितीतरी जण शेतात काम करतात. काकांना वाकवून पाहिलं. हात जमिनीला टेकले, पायांत बधिरपणा नव्हता, स्नायूंची ताकद पूर्ण होती. कंबर बाजूला ठेवली.

मग उरलं काय? इथे मेसेजने सगळ्यात मोठं नुकसान केलं. आजारांची यादी करायला बसलं की माणसाला औषध चालू असलेल्या गोष्टी आठवतात. ज्याचं औषध कधी चाललंच नाही, ती उणीव यादीत येत नाही. म्हणून मी पान आजारांवरून भरत नाही, शरीराच्या व्यवस्थांवरून भरते: हाडं-सांधे-स्नायू, मेंदू आणि नसा, डोळे, कान, वाचा, मन आणि बुद्धी, रक्त. प्रत्येक शीर्षकाखाली चार गोष्टी: काय जमत नाही, कधीपासून, ते कशाने मोजलं, कोणता कागद सोबत आहे. त्रास नसेल तिथेही 'नाही' असं लिहिते, कारण ते लिहिण्यासाठी आधी तपासावं लागतं.

डोळ्यांपाशी आलो. एकेक डोळा झाकून समोरचं कॅलेंडर वाचायला सांगितलं. उजवा झाकला तर काकांना कॅलेंडर भिंतीवर कुठे आहे तेही सांगता येईना. मीटरभरावरून बोटं मोजली, त्यापलीकडे नाही. लहानपणी विटी लागली होती म्हणे.

"काका, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तो लहानपणापासनंच तसा हाय. त्याला काय आजार म्हणतात व्हय?"

पन्नास वर्षं ते एका डोळ्याने माडावर चढत होते. पहिला अर्ज भरताना फक्त अस्थिव्यंगाचा प्रकार निवडला होता, त्यामुळे मंडळाने पाय पाहिला, पाय मोजला आणि मोजमाप बरोबरच केलं. डोळा कोणाच्या पुढ्यात आलाच नव्हता.

आता बेरजेकडे. वेगवेगळ्या व्यवस्थांचे टक्के सरळ मिळवत नाहीत. त्यासाठी सूत्र आहे: अ + ब × (९० − अ) ÷ ९०. यात 'अ' म्हणजे मोठा आकडा, 'ब' म्हणजे लहान. पहिल्या उणिवेनंतर जेवढी क्षमता उरली, तिच्यातूनच दुसरी उणीव वजा होते, असा त्यामागचा विचार. मेसेजमधले २० आणि २० घेऊन बघा. २० ला ७० ने गुणून ९० ने भागलं की साधारण १५.६ येतात, एकूण ३५.६. ज्याने ४० होतील म्हणून एसटीने दिवसभराची खेप केली, तो ४० च्या अलीकडेच राहील. एकाच पायातले वेगवेगळे दोषही असेच एकमेकांत जिरवले जातात.

काकांचा पाय कसा मोजला तेही सांगते. पायाच्या हालचालीत खुबा, गुडघा आणि घोटा या तिन्हींना सारखं वजन आहे, प्रत्येकी ०.३०. गुडघ्याची निम्मी हालचाल गेली म्हणजे ५० गुणिले ०.३०, अर्थात १५ टक्के. त्याखेरीज स्नायूंची ताकद बघतात आणि पायाचा स्थिरपणाही बघतात: सपाटीवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, आजारी पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं, वळणं. हे सगळं जमेस धरून त्यांच्या पायाचे २४ बसले.

या यादीमुळे पान कसं लिहायचं तेही कळतं. 'चालता येत नाही, फार त्रास होतो' असं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आम्ही लिहिलं: सपाट रस्त्यावर दोनशे पावलं चालतात, मग थांबावं लागतं. घरापुढची पाखाडी उतरताना गडग्याला हात लावून एकेक पायरी उतरतात. उकिडवं बसता येत नाही, शौचाला खुर्ची लागते. मांडी घालता येत नाही, जेवण बाकावर. गुडघा किती अंशांपर्यंत वाकतो ते गोनिओमीटरने मोजून आकडा, तारीख आणि सही. फाइल एवढीच: हे पान, एक्स-रे, ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद, डोळ्याच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांची चष्म्यासह नोंदवलेली नजर. चार कागद.

'चष्म्यासह' हा शब्द महत्त्वाचा आहे. नजर मोजतात ती चांगल्यात चांगला चष्मा लावून. मोतीबिंदूने अंधुक दिसतं, पण ऑपरेशनने बरं होणार असेल, तर ते आधी करून घ्या. पाय-हातांचंही उपचार पुरे होऊन स्थिती एका जागी थांबल्यावरच कायमचं मोजमाप होतं. पक्षाघातासारख्या आजारात तर सहा महिने तरी जाऊ द्यावे लागतात. बदल होण्यासारखा असेल तर मुदतीचा दाखला मिळतो.

मेसेजमध्ये लिहिलेलं नाही, पण तो पुढे पाठवणारे तोंडी सांगतात की तिथे जरा जास्तच लंगडा. असं करू नका. डॉक्टर सांधा स्वतःच्या हाताने वाकवून पाहतात, तेव्हा तो किती वाकतो ते लपत नाही. खोटं दाखवून लाभ घेतल्यास कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय एक खोटी गोष्ट दिसली की बाकीच्या खऱ्या गोष्टींकडेही संशयाने पाहिलं जातं.

'मजूर, नोकरदार सगळ्यांना लागू' हे मात्र एका अर्थी खरं आहे आणि ते मला खुपतं. टक्के शरीराचे असतात, धंद्याचे नसतात. निम्मा वाकणारा गुडघा कचेरीतल्या माणसाला १५ टक्केच महाग पडतो, पाडेल्याचा त्याने अख्खा धंदा जातो. तरी आकडा दोघांचा एकच. हे बदलायला हवं असं माझं मत आहे, पण आज मंडळ त्याच नियमाने मोजतं. म्हणून 'माडावर चढता येत नाही' ही ओळ आम्ही पानावर ठेवली ती माहिती म्हणून. तिचे टक्के मिळतील अशी आशा काकांना दाखवली नाही.

काकांनी दिव्यांग दाखल्याच्या सरकारी संकेतस्थळावर, swavlambancard.gov.in वर, नव्याने अर्ज भरला, या वेळी अस्थिव्यंग आणि दृष्टी दोन्ही निवडून. तवसाळहून फेरीबोटीने जयगडला आणि तिथून रत्नागिरीला गेले. उजवा डोळा चष्म्याने चांगला आणि डावा ३/६० पेक्षाही कमी, म्हणून नजरेचे ३०. पायाचे तेच २४. सूत्रात ३० मोठा: २४ गुणिले ६०, भागिले ९०, म्हणजे १६. एकूण ४६. सरळ बेरीज केली असती तर ५४ दिसले असते, आणि डोळा राहिला असता तर २४ वरच अडकले असते.

४६ म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचं पिवळं कार्ड. ४० च्या खाली पांढरं मिळतं, ८० पासून निळं. पेन्शन आपोआप चालू झाली नाही. केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतनाला ८० टक्के आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब लागतं, ते काकांना लागू नाही. राज्याच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेला ४० पुरतात, पण तिथे उत्पन्नाचा दाखला वेगळा द्यावा लागतो आणि अर्ज तहसीलकडे जातो. काका सध्या तलाठ्याकडे त्या दाखल्यासाठी जाऊन येऊन आहेत. पिशवीत आता दिव्यांग प्रमाणपत्र, आधार आणि रेशन कार्ड एवढंच असतं.