ग्रेड 1 आहे म्हणून निर्धास्त राहू नका

‘फॅटी लिव्हर ग्रेड 1 म्हणजे टेन्शन नाही, ग्रेड 3 म्हणजे सिरोसिस दारात. आपल्या नाशिकच्या द्राक्षांचा रस सात दिवस घ्या, बाकी काही खाऊ नका, लिव्हर धुऊन निघतं.’ असा सल्ला तुमच्याही कानावर आला असेल. तो चुकीचा आहे.

सोनोग्राफीतला ग्रेड सांगतो तो फक्त चरबी किती दिसते ते. सिरोसिसकडे जाणारी वाट वेगळी आहे: चरबी साठते, काहींच्या यकृताला सूज येते, सुजेतून व्रण धरतात आणि व्रणांचं जाळं होऊन यकृताची रचनाच बिघडली की तो सिरोसिस. व्रणांची मोजणी एफ 0 (व्रण नाहीत) ते एफ 4 (सिरोसिस) अशी होते. तिचा ग्रेडशी थेट संबंध नाही. उलट सिरोसिसमध्ये चरबी ओसरते, त्यामुळे ग्रेड कमीही दिसू शकतो.

व्रण किती असतील याचा अंदाज वय आणि रक्ताच्या साध्या तपासण्यांवरून बांधता येतो. उदाहरणच घ्या. 56 वर्षांच्या बाई, ग्रेड 1, रक्तातली यकृताची एन्झाइम्स एसजीओटी 48 आणि एसजीपीटी 36, प्लेटलेट्स 1 लाख 60 हजार. वय गुणिले एसजीओटी, म्हणजे 2688. प्लेटलेट्स हजारांत (160) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ (6), म्हणजे 960. भागाकार 2.8. याला फिब-4 म्हणतात. 1.3 च्या आत असेल तर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी, 2.67 च्या वर असेल तर यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन करून पोटविकारतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. आता 38 वर्षांचा तरुण, ग्रेड 3, एसजीओटी 40, एसजीपीटी 64, प्लेटलेट्स 2 लाख 70 हजार: उत्तर 0.7. घाबरलेला असतो तो, आणि निर्धास्त बसतात त्या बाई! (पस्तिशीच्या आत हे गणित भरवशाचं नाही, 65 नंतर 1.3 ऐवजी 2 ची मर्यादा धरतात.)

रसाचं म्हणाल तर 250 मिलीच्या ग्लासात सुमारे 35 ग्रॅम साखर असते. त्यातली निम्मी फ्रुक्टोज, आणि जास्तीच्या फ्रुक्टोजची चरबी यकृतातच बनते. हंगामात मूठभर द्राक्षं चावून खा, रस नको. गोड चहा आणि कोल्ड्रिंक आधी सोडा, भात अर्धा करा, ताटात उसळ वाढवा.

खरं औषध वजन उतरवणं. 80 किलोच्या माणसाने 4 किलो उतरवले तरी चरबी घटते. सूज जायला साधारण 6 किलो लागतात, व्रण मागे हटायला 8 किंवा जास्त. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग ठीक. उपाशी राहून झपाट्याने वजन पाडलं तर पित्ताचे खडे होतात, यकृताची सूजही वाढू शकते.

सिरोसिस झालेल्याने तर असा उपास मुळीच करू नये. त्याच्या यकृतात रात्रभर पुरेल इतका ग्लुकोजचा साठा नसतो, मग शरीर स्नायू तोडून ती गरज भागवतं. म्हणून त्याला झोपण्यापूर्वी दूध-भाकरीसारखं काही खायला सांगतात.