तीस दिवस आणि चार मिनिटं

परीक्षेला बसण्याची परवानगी देणारा मेल 20 एप्रिलला आला. त्यात एक लांबलचक क्रमांक होता आणि खाली लिहिलं होतं की हा 90 दिवसच चालेल, म्हणजे 19 जुलैपर्यंत. नव्वद दिवस! एवढ्यात माणूस दोन परीक्षा देईल, असं म्हणून मी मेल बंद केला आणि पंधरा दिवस निवांत झोपलो.

5 मेला सीट बुक करायला बसलो. माझा बेत साधा होता: येत्या महिन्यातला एखादा शनिवार, सकाळची वेळ. स्क्रीनवर कॅलेंडर उघडलं, तर सगळे शनिवार-रविवार राखाडी. राखाडी म्हणजे भरलेले, हे कळायला मला दोन-तीनदा त्यांच्यावर टिचकी मारावी लागली. परीक्षा कम्प्युटरवर, म्हणजे हवी तेव्हा देता येणार, अशी माझी समजूत होती. पण खोलीत कम्प्युटर ठरावीक, आणि त्याच खोलीत इतर दहा प्रकारच्या परीक्षांची माणसंही बसणार. लांबच्या एका केंद्रात मेअखेरची दुपार मोकळी होती. जवळच्या केंद्रात पहिली जागा 30 जून, सकाळी साडेआठ. घेतली.

मग पैसे भरण्याआधी खूण करायची ती चौकट आली, जी कुणीच वाचत नाही. मीही वाचली नाही. वाचली ती मे संपता संपता, अभ्यासाचे चार धडे बाकी नसून चारच झालेत हे लक्षात आल्यावर. नियम असा होता: परीक्षेला 30 किंवा जास्त दिवस असताना तारीख बदलली तर फुकट. 29 ते 5 दिवस उरले असताना बदलली तर दंड, आणि तो दर वेळी नव्याने. पाचाहून कमी दिवस उरले की काहीच हलत नाही. आला नाहीत तर सगळी फी गेली.

मी बोटांवर मोजलं. 30 जूनच्या आधी तीस दिवस म्हणजे 31 मे. म्हणजे आजच!

‘‘अगं, अजून फुकट आहे!’’ मी ओरडलो.

‘‘मग काल का नाही बदललंस?’’ बायको म्हणाली.

‘‘काल अभ्यास होईल असं वाटत होतं.’’

तेव्हा रात्रीचे अकरा बावन्न झाले होते. पासवर्ड आठवेना. नवा मागवला, तो स्पॅममध्ये जाऊन बसला. आत शिरलो तर दोन बटणं शेजारीशेजारी: Cancel आणि Reschedule. माझं बोट पहिल्यावर होतं. बायकोने हात धरला म्हणून वाचलो, कारण रद्द केलं की जुनी जागा त्या क्षणी जाते, फीमधला तुकडाच परत मिळतो आणि रांग पुन्हा शेवटून. बदललं तर मात्र नवी तारीख पक्की होईपर्यंत जुनी आपलीच राहते.

कॅलेंडर उघडलं, तर कालपर्यंत राखाडी असलेल्या दोन-तीन तारखा हिरव्या. आधी आनंद झाला, मग उलगडा. माझ्यासारखेच कितीतरी लोक सीमारेषेवर जागे होऊन आपापल्या जागा सोडत असणार. (हे मी नंतरही पाहिलं: जागा हवी असेल तर रोज रात्री डोकावावं, लोकांचे धीर ठरावीक दिवशी सुटतात.) 14 जुलै, सकाळी साडेआठ. परवानगीच्या मुदतीतलेही पाच दिवस शिल्लक. टिचकी मारली, नाव तपासलं, ओळखपत्रावर आहे तस्संच आहे ना ते पाहिलं, पुढे गेलो.

‘‘बदलासाठी शुल्क भरा,’’ असं आलं.

कोपऱ्यातलं घड्याळ बारा वाजून चार मिनिटं दाखवत होतं. 1 जून. एकोणतीस दिवस. मी बायकोकडे पाहिलं. ती आता हसत नव्हती, झोपायला निघाली होती. चार मिनिटांचा दंड मी भरला. सोडून द्यावं म्हटलं तर 30 जूनला चार धड्यांवर बसायचं होतं.

14 जुलैला अर्धा तास आधी पोचलो. खिशातलं सगळं लॉकरमध्ये ठेवताना शेजारचा तरुण घड्याळ उतरवत म्हणाला, ‘‘माझी आधी 30 जूनची होती. एक जूनला रात्री सव्वाबाराला मिळाली. म्हटलं, नशीब!’’

‘‘साडेआठची?’’ मी विचारलं.

‘‘हो ना! पण अभ्यास होईना. आठवडाभर आधी बदलली. दंड पडला, राव.’’

तेवढ्यात आतून त्याचं नाव पुकारलं गेलं.