फुईच्या टाचेचा फोड आणि ‘विष बाहेर पडतंय’ची पोस्ट

“कॅन्सरच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलले तर घाबरू नका. शरीरातली उष्णता आणि विष बाहेर पडतंय, औषध लागू झालंय. गोळी एक दिवसही चुकवू नका. रोज गरम मिठाच्या पाण्यात पाय बुडवा, मेंदी लावा. रेडिएशनचा शेक दिलेली जागा लाल झाली तरी हेच करा.”

हे आखाजीच्या आठवड्यात आमच्या फुईच्या मोबाईलवर आलं आणि तिने ते अक्षरशः पाळलं. नाहीतर अशा पोस्टी मी न वाचताच उडवतो.

फुईचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. त्यानंतर कॅपेसिटाबिन सुरू झालं: 500 मिलिग्रॅमच्या गोळ्या सकाळी 3, संध्याकाळी 3, असे 14 दिवस आणि मग 7 दिवस सुट्टी. दुसऱ्या फेरीच्या सहाव्या दिवशी तळहात गुलाबी झाले, मुंग्या आल्या. इथवर काही वावगं नव्हतं. ही गोळी घेणाऱ्या बऱ्याच जणांना एवढं होतं. दुखत नाही, चालता येतं, भाकरी थापता येते, तोवर क्रीम लावायचं आणि डॉक्टरांच्या कानावर घालायचं. नवव्या दिवशी मात्र ती पाय वाकडा टाकून चालायला लागली. “मना पाय जळी राह्यनात,” म्हणाली. फोन करायचा तो त्याच दिवशी. तिने काय केलं, तर गोळ्या चालू ठेवल्या आणि दोन वेळा घमेल्यात गरम पाणी घेऊन पाय बुडवून बसली. अकराव्या दिवशी टाचेवर लिंबाएवढा फोड आला, तो फुटला आणि चप्पलही घालवेना.

विष वगैरे काही बाहेर पडत नव्हतं. ही गोळी शरीरात जाऊन जे औषध बनते, ते भराभर वाढणाऱ्या पेशींना मारतं. त्यात तळहात-तळपायाची कातडीही भाजून निघते. जिथे दाब, घासणं आणि गरमी जास्त, तिथे जास्त. म्हणून गरम पाणी हा इलाज तर नाहीच, तो आगीत तेल आहे. एप्रिल-मेमधल्या आमच्याकडच्या तापलेल्या ओट्यावर अनवाणी चालणं, तव्यापुढे बसून हाताने कळण्याच्या भाकरी थापणं, हेही त्यातलंच. पाय बुडवायचेच तर थंड पाण्यात, थोडा वेळ, मग न घासता टिपून घ्यायचे.

‘एक दिवसही चुकवू नका’ हे तर सगळ्यात घातक. दुखायला लागलं आणि रोजच्या कामात अडचण आली, की डॉक्टरांना विचारून गोळी थांबवतात आणि त्रास मुंग्या-लालीवर येईपर्यंत थांबवूनच ठेवतात. फोड, जखमा होऊन चालणं बंद झालं असेल, तर पुन्हा सुरू करताना डोस साधारण पाऊण करतात. चुकलेल्या गोळ्या नंतर भरून काढायच्या नसतात. फुईचं तसंच झालं: बारा दिवस बंद, मग प्रत्येक वेळी 500 च्या 2 आणि 150 ची 1.

‘औषध लागू झालंय’ यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. काही अभ्यासांत हा त्रास झालेले रुग्ण जास्त जगल्याचं दिसलं. पण ज्यांचे हात चांगले राहिले त्यांना गोळी लागू पडलीच नाही, असं त्यातून निघत नाही. आणि फोड आल्यावरही गोळी रेटा, असं तर अजिबात नाही.

मेंदीचंही तसंच. मेंदीने आराम पडल्याची तुर्कस्तानातली नोंद आहे, पण मोजक्याच रुग्णांची. बाजारातल्या काळ्या मेंदीत केसांच्या डायचं रसायन असतं, ते सोललेल्या कातडीवर नको. खरा पुरावा हवा तर दिल्लीच्या एम्सचा घ्या. 2024 मध्ये छापलेल्या त्यांच्या चाचणीत कॅपेसिटाबिन घेणारे 264 रुग्ण होते. निम्म्यांनी हातांना दिवसातून दोनदा 1 टक्का डायक्लोफेनॅक जेल लावलं, बाकीच्यांनी तसंच दिसणारं, औषध नसलेलं जेल. 12 आठवड्यांत दुखण्यापर्यंत गेलेला त्रास जेलवाल्यांत 3.8 टक्के, दुसऱ्यांत 15 टक्के. हे जेल आधीपासून, अखंड कातडीवर लावायचं असतं. फुटलेल्या फोडावर नाही, आणि किडनीचा त्रास असेल तर विचारूनच.

रेडिएशनच्या शेकाचा लालपणा वेगळा. तो साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, शेक दिलेल्या जागेपुरताच येतो आणि शेक संपल्यावरही आठवडा-दोन आठवडे वाढू शकतो. तिथे मीठ-मेंदी काही नको. साधं पाणी, सौम्य साबण, सैल सुती कपडा. ओलं सोलणं, पू किंवा वास आला तर दाखवा.

वाट बघायची नाही ती अशा वेळी: ताप 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त, दिवसात नेहमीपेक्षा 4 जुलाब जास्त, तोंडात खाता येणार नाही इतके फोड, किंवा अंगभर पुरळ येऊन ओठ-डोळे सोलणं. गोळी सुरू केल्यावर पहिल्याच काही दिवसांत हे झालं तर पुढची गोळी न घेता त्याच रात्री दवाखाना. काहींच्या शरीरात हे औषध मोडणारं एन्झाइमच कमी असतं.

त्या पोस्टीत नसलेली एक गोष्ट: कातडी सोलून बोटांचे ठसेही पुसट होतात. रेशनच्या मशीनवर फुईचा अंगठा तीनदा लागला नाही, दुकानदार म्हणे आधार बाद झालं. कार्डावर सुनेचं नाव होतं, तिच्या अंगठ्यावर तांदूळ आणले.