मशेरीने दात घासले जात नाहीत, रंगवले जातात

आमच्या तालुक्याच्या गावात मी अठरा वर्षं दातांचा दवाखाना चालवते आहे. खुर्चीत बसलेली बाई तोंड उघडण्याआधीच सांगते, "मॅडम, दात रोज घासते हो, दोन-दोन वेळा घासते, तरी काळेच." मी विचारते, "कशाने घासता?" मग थोडं थांबून, पदर तोंडाशी नेत उत्तर येतं, "मशेरीने."

आज त्याबद्दलच सविस्तर लिहिते आहे.

दोन वर्षांपूर्वी एक ताई आल्या होत्या. वय सेहेचाळीस, घरीच शिवणकाम करतात. मुलीच्या साखरपुड्याचे फोटो पाहून त्यांना स्वतःचं हसू आवडलं नव्हतं. खालच्या पुढच्या दातांच्या मागे जाड तपकिरी कवच होतं, वरच्या दातांच्या कडांना काळी रेघ होती. दिवसभरात काय काय घेता ते मी लिहून काढलं. चहा सहा वेळा. पण सहा हा आकडा मला तितका महत्त्वाचा वाटला नाही. शिलाई मशीनच्या बाजूला कप ठेवायचा, एक शिवण मारायची, एक घोट घ्यायचा, अशा रीतीने एक कप चांगला अर्धा तास चालायचा. म्हणजे दिवसातले तीन तास दात चहात. शिवाय मशेरी पाच वेळा: सकाळी उठल्यावर, स्वयंपाक झाल्यावर, दुपारी जेवल्यावर, संध्याकाळी दिवाबत्तीनंतर आणि रात्री झोपताना.

आता डाग बसतो कसा ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. आपण दात कितीही घासला तरी काही मिनिटांत लाळेतल्या प्रथिनांचा एक पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर त्यावर पुन्हा चढतो. हा थर वाईट नाही, तो दाताचं रक्षणच करतो. पण चहातलं टॅनिन, म्हणजे ज्यामुळे जीभ तुरट होते ते, या थराला चिकटतं आणि सोबत रंग घेऊन बसतं. कॉफीचंही तसंच, फक्त डाग पाडण्यात चहा बहुधा कॉफीच्या पुढे असतो. तंबाखूच्या धुरातला डांबरासारखा पदार्थ आणि भाजलेल्या तंबाखूची काळी पूड त्याच थरात मुरते. सुरुवातीला हा डाग ब्रशने निघतो. तो तसाच राहिला आणि खाली साठलेल्या पांढऱ्या चिकट थराचा दोन-तीन दिवसांत दगड व्हायला लागला, की रंग त्या दगडात अडकतो आणि मग घरी कितीही घासा, निघत नाही. खालच्या पुढच्या दातांमागे हे सगळ्यात जास्त होतं, कारण जिभेखाली लाळेच्या ग्रंथीची तोंडं तिथेच उघडतात आणि लाळेतलं कॅल्शियम तिथेच बसतं. आरशासमोर खालचा ओठ खाली ओढून जिभेचं टोक दातांच्या मागे फिरवा. गुळगुळीत लागलं तर ठीक. खरखरीत, कडा असलेलं काही लागलं, तर ते ब्रशचं काम राहिलेलं नाही.

म्हणून मी लोकांना चहा सोडायला सांगत नाही. कप एका बैठकीत, पाच-सात मिनिटांत संपवा, एवढंच सांगते. अर्धा तास घुटके घेत बसलं तर थराला रंग प्यायला अर्धा तास मिळतो. कप ठेवला की साध्या पाण्याचा मोठा घोट तोंडात घ्या, गालात जोरात फिरवा, दातांच्या फटीतून खेचा आणि गिळा किंवा थुंका. असं दोनदा. पाणी हाताशी नसेल तर ही सवय टिकत नाही, म्हणून ताईंना मी मशीनवर चहाच्या कपाच्या शेजारीच पाण्याचा तांब्या ठेवायला सांगितला. आपल्या दुधाच्या चहाला एक फायदाही आहे: दुधातलं प्रथिन थोडं टॅनिन धरून ठेवतं, त्यामुळे कोऱ्या चहाइतका डाग तो पाडत नाही. लिंबू घातलेला चहा मात्र वेगळा. आंबटपणामुळे दाताचा वरचा थर थोडा वेळ मऊ होतो, तेव्हा त्यानंतर अर्धा तास ब्रश लावू नये, नुसतं पाणी फिरवावं.

ब्रश मऊ केसांचा हवा, कडक नको. फ्लोराइडची टूथपेस्ट वाटाण्याएवढी घ्यावी. सकाळी एकदा, रात्री झोपताना एकदा, दोन्ही वेळा दोन मिनिटं. रात्रीचं सोडू नका, कारण झोपेत लाळ कमी असते आणि जे दातावर राहिलं ते रात्रभर तसंच राहतं. ब्रश हिरडीच्या कडेला तिरपा धरून लहान लहान फिरवायचा. आडवा रगडला तर हिरडी खाली सरकते आणि मुळाजवळचा मऊ, पिवळा भाग उघडा पडतो, तिथे रंग लवकर धरतो.

याच कारणाने मला कोळशाची पूड, राख, मीठ, सोडा आणि लिंबाची सालं सुचवणारे व्हिडिओ पाहून चिंता वाटते. पहिल्या आठवड्यात दात खरंच उजळ दिसतात, कारण वरचा डाग खरवडून निघतो. पण त्याबरोबर दाताचा पांढरा कठीण थरही थोडा झिजतो, आणि तो परत येत नाही. तो पातळ झाला की आतला पिवळा थर दिसायला लागतो. मग माणूस आणखी जोरात घासतो. असे दात माझ्याकडे नियमित येतात: पुढून चकचकीत, वाटीसारखे खोलगट आणि थंड पाणी लागलं तरी कळ येणारे.

आता मशेरी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, मग चुरगाळून बारीक पूड करतात. भाजलेला जळका कण खरखरीत असतो, तो खरडतो, म्हणून बाईला वाटतं दात स्वच्छ झाले. पण ही पूड तंबाखूच आहे, आणि हिरडीतून निकोटीन सरळ रक्तात जातं. म्हणूनच एक वेळ चुकली तर डोकं धरतं. दात घासण्याच्या पूडमध्ये आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे. घरच्या तव्यावर भाजली जाते तिला कोण अडवणार? आजीने आईला दिली, आईने मुलीला दिली.

एक गोष्ट माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गोंधळ उडवते. निकोटीनमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. त्यामुळे हिरडी आतून आजारी असली तरी रक्त फारसं येत नाही आणि बाई समजते हिरड्या मजबूत आहेत. मशेरी सोडली की काही आठवड्यांत रक्तपुरवठा सुधारतो आणि ब्रश करताना रक्त दिसायला लागतं. मग घरातले म्हणतात, "बघ, सोडली आणि दात खराब झाले." आजार आधीचाच असतो, आता तो दिसतो आहे. त्या वेळी मशेरीकडे न वळता दवाखान्यात या, हिरड्यांखालची सफाई करून घ्या.

दुसरी अडचण बायका कुजबुजत सांगतात: "मशेरी लावली नाही तर पोट साफ होत नाही." हे खोटं नाही, निकोटीनने आतडी हलतात. सोडल्यावर काही दिवस त्रास होतो. ताईंना मी सकाळी कोमट पाणी, जेवणात ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी वाढवायला सांगितली. हाताला चाळा हवा असतो म्हणून थोडी बडीशेप जवळ ठेवायला सांगितली. सुपारी अजिबात नको, ती तोंडातल्या कातडीला जखडून टाकते.

या ताईंच्या बाबतीत माझी एक चूक झाली. सफाई केल्यावर हिरडी सुजलेली होती म्हणून क्लोरहेक्सिडीनचं गुळणीचं औषध दोन आठवडे दिलं. ते जंतूंवर चांगलं आहे, पण दातावर बसून चहातला रंग ओढून घेतं, हे सांगायला मी विसरले. सहा कप चहावाल्या बाईला ते दिलं आणि दोन आठवड्यांनी तपकिरी डाग घेऊन त्या परत आल्या. "मॅडम, सफाईचे पैसे वाया गेले ना हो?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या वेळची सफाई मी पैसे न घेता केली. तेव्हापासून हे औषध लिहिताना आधी विचारते, चहा किती आणि कधी. औषध घेतल्यावर तासभर चहा नको, आणि सांगितलेल्या दिवसांपेक्षा जास्त वापरायचं नाही.

सफाईने दात हलायला लागतात, फटी पडतात, हाही समज खूप आहे. आधी फट दगडाने भरलेली असते, तो निघाला की फट दिसते. दात हललेला असेल तर दगडावरच्या जंतूंमुळे हाड झिजलेलं असतं म्हणून, सफाईने नाही.

आणि प्रत्येक काळा-पिवळा दात चहा-तंबाखूचा नसतो. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे लहानपणापासून दात चट्टे घेऊनच उगवतात. एकच दात राखाडी झाला असेल तर आतली नस मेलेली असू शकते. असे रंग घासून जात नाहीत, त्यांच्यावर जोर लावू नका.

मशेरी किंवा तंबाखू घेणाऱ्या प्रत्येकाने महिन्यातून एकदा गालाच्या आत आणि हिरडीवर, जिथे पूड ठेवता तिथे, नीट पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेली जखम, तिखट सहन न होणं, तोंडात तीन बोटं उभी न जाणं, यातलं काहीही असेल तर दाताच्या रंगाचा विचार नंतर करा, आधी दाखवा. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी, मोफत नंबर आहे.

ताईंच्या पाच वेळा होत्या, त्यातल्या चार सुटल्या. दुपारची सगळ्यात आधी सुटली, रात्रीची ब्रश सुरू झाल्यावर गेली. तांब्या अजून मशीनवर आहे, आणि गेल्या सफाईला खालच्या दातांमागे जाड कवच नव्हतं, फक्त एक पातळ रेघ होती. सकाळची वेळ मात्र राहिली आहे. डाव्या बाजूच्या हिरडीवर, जिथे ती पूड लावतात, तिथे एक फिकट पांढरा पट्टा आहे. तो मी दर महिन्याला मोजून वहीत लिहिते, आणि या महिन्यात तो कमी झाला नाही, तर तुकडा तपासायला पाठवायचा, असं आमचं ठरलं आहे.