आबांचा कॉल टाइम

परवा मांद्र्याच्या किनाऱ्यावर आमच्या दिग्दर्शकाने एका लुंगीवाल्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून जाहीर केलं, "हे आपले खरे असिस्टंट डायरेक्टर!" खोटा असिस्टंट डायरेक्टर, म्हणजे मी, कोणी किती वाजता हजर व्हायचं ते लिहिलेल्या कॉलशीटचा कच्चा कागद घेऊन शेजारीच उभा होतो. सगळे हसले. मीही हसलो, कारण पेट्रोलचे पैसे अजून यायचे आहेत.

झालं होतं असं. बारा पानांची शॉर्टफिल्म, स्क्रिप्ट पक्की झालेली, कॉलशीट काढायचं काम माझ्याकडे. स्क्रिप्टच्या पानाचे आठ भाग धरतात आणि प्रत्येक सीन त्या मापाने मोजतात. स्वयंपाकघरातलं नवरा-बायकोचं भांडण भरलं तीन पानं. ते सकाळच्या चार तासांत उरकेल. दोन माणसं, एक टेबल, एक आदळायचं पातेलं. आणि सीन अकरा भरला जेमतेम दोन अष्टमांश:

"बाहेर. समुद्रकिनारा. संध्याकाळ. ओहोटी. नंदा आणि सतीश ओल्या वाळूवरून दूर चालत जातात. मागे त्यांची पावलं."

लेखकाने हे एका चहात लिहिलं असणार. त्याचं एकेक वाक्य मला किती महागात पडतं ते बघा. "संध्याकाळ" म्हणजे डिसेंबरात इथे सूर्य सहानंतर थोड्याच वेळात पाण्यात जातो, म्हणजे हवा तसा उजेड शेवटचा अर्धा-पाऊण तास. त्यावरून उलटं मोजत यायचं: पाचला कॅमेरा तयार, म्हणजे पावणेचारला नंदा मेकअपला, तीनला युनिट हजर, जेवण त्याच्याआधी आटपलेलं.

"मागे त्यांची पावलं" हे तर त्याहून वाईट. पावलं उमटायची तर वाळू कोरी हवी, आणि पहिला टेक झाला की ती कोरी राहत नाही. सीन करायचा तर एका टोकाला सुरू करून प्रत्येक टेकला पुढे सरकायचं, मागे कुणी फिरायचं नाही, चहाचं टेबल कोरड्या वाळूत कॅमेऱ्याच्या पाठीमागे. शिवाय कुत्री अडवायला दोन पोरं. हे सगळं मी लोकेशन नोटमध्ये लिहिलं. आमच्या युनिटमध्ये कॉलशीटवर फक्त नाश्त्याची ओळ वाचली जाते, तो विषय वेगळा.

पण खरी मेख "ओहोटी"त होती. नंदा करणाऱ्या बाई मोकळ्या होत्या त्या दिवशी सप्तमी पडत होती. मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मी पाहिलं: सूर्यास्ताला भरती. ओल्या वाळूचा पट्टाच पाण्याखाली. ही गोष्ट मी दिग्दर्शकाला फोनवर सांगितली, मेसेज केला, तक्त्याचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "अॅडजस्ट करू रे." समुद्राला अॅडजस्ट करायला सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

मग रेकीच्या दिवशी आबा भेटले. आमच्या सामानाला ज्यांनी पडवी दिली त्या घराचे ते मालक. मी टेप धरून वाळू मोजत होतो तेव्हा मागून आवाज आला, "कितें मेजता रे?"

म्हटलं, "आबा, शूटिंगचं. या सप्तमीला संध्याकाळी इथून चालायचंय."

"कोणाला चालायचंय?"

"हिरो-हिरोइनला."

"पोहता येतं काय त्यांना?"

एवढ्यात दिग्दर्शक जवळ आला. आबांनी लुंगी वर खोचली, डाव्या हाताची बोटं पसरली आणि जाहीर हिशेब सुरू केला. "तिथी कितवी? सात. त्याची पाऊणपट कर. किती झाले?"

"सव्वापाच," मी म्हणालो.

"तुला नाही, ह्यांना विचारलं. सव्वापाचला भरती पुरी. सूर्य बुडताना पाणी इथं." त्यांनी दिग्दर्शकाच्या गुडघ्यावर बोट ठेवलं. "आणि भांग आहे, म्हणजे ओहोटी लागली तरी पाणी लांब जायचं नाही. पुनवेला ये. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. तेव्हा भरती, मग सव्वासहा तासांनी ओहोटी, साडेपाचला. आणि उधाणाचं पाणी जेवढं चढतं तेवढंच मागे जातं. तुझी पोरगी चालत चालत लक्षद्वीपला जाईल."

हिशेब बरोबर आहे, ते मान्य. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला ठोकताळा आहे; तक्त्याशी ताडला तर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस चुकत नाही. माझं दुखणं वेगळं आहे. मी नेमकं हेच सांगत होतो, मिनिटांसकट. मी छापील तक्ता दाखवला तेव्हा तो "अडचण" होती. आबांनी बोटं दाखवली तेव्हा तो "मातीतला शहाणपणा" झाला. गोव्यात बाहेरून येणारं प्रत्येक युनिट हे करतं, आणि आमचा दिग्दर्शक तर पणजीचा आहे! पगारी माणसाचं ज्ञान तेवढं फुकट वाटतं, बहुतेक तो पगारही फुकट असल्यामुळे.

आणि मग तो खांद्यावर हात.

आबांनी तेवढ्यावर सोडलं नाही. माझ्या हातातला कागद घेऊन चष्म्याविना लांब धरून वाचला आणि विचारलं, "ह्याच्यात माझं नाव कुठंय?"

म्हटलं, "आबा, यात कलाकार आणि युनिट असतं. नावापुढे यायची वेळ लिहितात."

"मग माझी वेळ लिही. भरती सल्लागार."

दिग्दर्शक म्हणाला, "लिही रे." लिहिलं. नंदा, सतीश आणि भरती सल्लागार, कॉल टाइम तीन वाजता. आबांनी ओळ पुन्हा वाचायला लावली, "सल्लागार" थोडं मोठं काढायला सांगितलं, आणि जेवणाच्या खाली आपल्या दोन नातवांची भर घातली. ती पोरं कुत्री अडवतील म्हणे.

बाईंनी पौर्णिमेची संध्याकाळ दिली. घरातले सीन सप्तमीलाच ठेवले, सीन अकरा तेवढा उचलून पौर्णिमेला नेला. सीन बारा, "रात्र. किनारा. शेकोटी", मी पडवीत आणून ठेवला, कारण मांद्र्याला या दिवसांत कासवं अंडी घालायला येतात आणि रात्री समुद्राकडे दिवे पाडले की ती बिचकून परत फिरतात. लेखक रुसला. रुसू दे.

काल नवं कॉलशीट सगळ्यांना पाठवलं. पहिला फोन आबांचा.

"हें कितें रे? पुनवेला तीनला बोलावलंस मला?"

"आबा, दिवस तुम्हीच काढून दिलात ना!"

"ओहोटीचा दिवस काढून दिला. मार्गशीर्षातली पुनव, त्या दिवशी दत्तजयंती. तिन्हीसांजेला दत्तजन्म. मी देवळात. नातवंडं पालखीला. वाड्यावरचं कोणीच मिळायचं नाही तुला."

"मग कुत्री?"

"तू आहेस ना," आबा म्हणाले. "आणि तो टाइम बदल. जन्म झाल्यावर प्रसाद घेऊन आठला येतो, त्याच्या आधी सुरू करू नका."

आठला काळोख असतो, हे मी सांगितलं. ते म्हणाले, "डायरेक्टरशी बोलतो मी." बोललेही. आत्ताच दिग्दर्शकाचा मेसेज आलाय: आबांच्या भावना दुखवू नकोस, कॉलशीटवर त्यांची वेळ आठ कर, नाव वर राहू दे. आणि कुत्र्यांचं तू बघ.