खुलासा : भरती बंद आणि बॉयलर अटेंडंट

‘मंदीमुळं कुपवाड, मिरज एमआयडीसीत भरती बंद आहे, आयटीआयवाल्यांनी अर्जच करू नयेत.’

हे अर्धंच खरं आहे. भरती बंद म्हणजे बहुतेक वेळा नव्या जागांना मंजुरी बंद. रिकाम्या झालेल्या जागेचं काय, हे ती जागा कोणत्या कामाची आहे यावर ठरतं. समजा, तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यातून पॅकिंगचा हेल्पर गेला. त्याचं काम उरलेल्यांत वाटलं जातं, जागा रिकामीच राहते. पण बॉयलर अटेंडंट गेला तर? प्रमाणपत्रधारक माणसाशिवाय बॉयलर चालवणं बेकायदा आहे. वाफ नाही तर उत्पादन नाही, म्हणून मालक कितीही हात आखडता घेवो, ही जागा भरावीच लागते. मिरजेतल्या औषध दुकानांत नोंदणीकृत फार्मासिस्टचंही तेच.

मात्र यात मेख आहे. नुसता आयटीआय पुरत नाही. अटेंडंटचं प्रमाणपत्र परीक्षा देऊनच मिळतं. शिवाय साखर कारखान्यांत काही जागा हंगामापुरत्या असतात. त्यामुळं मुलाखतीत सरळ विचारावं: जागा नवी की कुणाच्या जागी? कायम, हंगामी की ठेकेदाराकडून? ‘नवी, पण मंजुरी यायचीय’ म्हणाले, तर वाट बघत बसू नये.